गूगलवर रिव्ह्यू मागणारं कॅप्शन कसं लिहू? (फॉल-पिको फुकट न देता)

सुईदोरा

नमस्कार मंडळी. कराडला माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे, फॉल-पिकोही करते. नऊ वर्षं झाली. आजवरचं सगळं गिऱ्हाईक एकीने दुसरीला सांगून आलेलं. पण गेल्या वर्षी दोन गल्ल्या सोडून एक बुटीक निघालं आणि नवीन मुली फोनवर शोधून थेट तिकडेच जातात. त्यांचे रिव्ह्यू दीडशेच्या वर, माझे सात. त्यातला एक माझ्या जावेचा.

व्हॉट्सअ‍ॅपवर तयार ब्लाउजचा फोटो टाकून खाली रिव्ह्यूची विनंती करावी म्हणतेय. भाच्याने हे लिहून दिलं:

> 🌸 आमचं काम आवडलं? गूगलवर ५ स्टार द्या, स्क्रीनशॉट दाखवा आणि पुढच्या साडीचं फॉल-पिको मोफत मिळवा! 🌸

हे वाचून मला कसंसंच होतं. एका बाजूने भीक मागितल्यासारखं आणि दुसऱ्या बाजूने लाच दिल्यासारखं. शिवाय माझ्या निम्म्या बायका पन्नाशीच्या पुढच्या, 'गूगलवर द्या' म्हणजे नेमकं कुठे काय दाबायचं ते त्यांना कळणार नाही. नीट, चार ओळींत, सभ्य शब्दांत कसं मागावं?

भिंगरी

ताई, वाईट रिव्ह्यू काढायचा असेल तर त्याच्या शेजारी तीन टिंबं असतात, तिथून तक्रार करता येते. पण नुसता वाईट आहे म्हणून काढत नाहीत हं. माझ्या बहिणीच्या पार्लरला कुणीतरी एक स्टार दिला होता, आठ महिने झाले, अजून तसाच आहे.

सुईदोरा

भिंगरी, अजून वाईट कुणी दिलेला नाही गं. 😄 मला मागायचेत.

नाक्यावरचा

मी आठ-दहा लहान दुकानांची गूगलची पानं सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न दर महिन्याला येतो. ताई, तुम्हाला जे कसंसंच होतंय ते बरोबर आहे.

रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे, सूट, फुकट वस्तू किंवा फुकट सेवा द्यायची नाही, असा गूगलचा स्पष्ट नियम आहे. फॉल-पिको ही सेवाच झाली. 'पाच स्टार' शब्द काढून नुसतं 'रिव्ह्यू द्या आणि फॉल-पिको मोफत' केलंत तरी ते नियमाबाहेरच राहतं. लकी ड्रॉ, पुढच्या शिलाईत पन्नास रुपये कमी, या सगळ्याला तेच लागू. स्क्रीनशॉट मागणं तर स्वतःविरुद्ध पुरावा गोळा करण्यासारखं आहे. उद्या त्यातली कुणी 'फॉल-पिको फ्री मिळालं, थँक्यू ताई' असं रिव्ह्यूतच लिहून मोकळी होईल. मी असं झालेलं पाहिलंय.

सापडलं तर दंड वगैरे नाही, पण काही काळ नवीन रिव्ह्यू येणं बंद होऊ शकतं, असलेले लपवले जाऊ शकतात आणि पानावर 'खोटे रिव्ह्यू काढले आहेत' अशी पाटी लागू शकते. सात रिव्ह्यूवाल्या दुकानाला ती पाटी परवडणारी नाही.

आणि जावेचा रिव्ह्यू तिला काढायला सांगा. घरच्यांनी, कामावरच्या मुलींनी लिहिलेलं चालत नाही.

सुईदोरा

जाऊ गिऱ्हाईकही आहे हो. पैसे देऊन शिवून घेते. (पूर्ण पैसे कधीच देत नाही, ते सोडा.)

डॅलसकर

नाक्यावरच्यांशी थोडा असहमत. इकडे अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंबद्दलचा सरकारी नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. त्यात बंदी आहे ती 'चांगलंच लिहा' अशी अट घालून काही देण्यावर. अट न घालता, जे वाटेल ते लिहा म्हणून कूपन दिलं तर त्या नियमात ते आपोआप बेकायदा ठरत नाही. तेव्हा ताई 'चांगलं-वाईट काहीही लिहा, फॉल-पिको मोफत' असं म्हणू शकतात.

नाक्यावरचा

डॅलसकर, तिकडच्या कायद्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण ताईंचं दुकान कराडला आहे आणि रिव्ह्यू गूगलच्या पानावर पडणार आहेत. ज्याच्या ओट्यावर बसायचं त्याचा नियम आधी. तो कायद्यापेक्षा कडक आहे, बदल्यात काहीच नको म्हणतो. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी IS 19000 नावाचं मानक काढलंय, पण ते ऐच्छिक आहे आणि रिव्ह्यू छापणाऱ्या साइट्सना उद्देशून आहे. टेलरताईंनी त्याची चिंता करू नये.

खानावळवाला

माझी चूक सांगतो, शहाणे व्हा. हात धुवायच्या बेसिनवर कागद चिकटवला होता, 'गूगलवर लिहा, सोलकढी आमच्याकडून'. तीन आठवड्यांत साठ रिव्ह्यू. मी खूश. गल्ल्यावरचा पोरगा तर अति उत्साही, ज्याला जमत नाही त्याचा फोन घेऊन स्वतःच टाइप करून द्यायचा. 'जेवण छान सर्व्हिस छान', 'जेवण छान सर्व्हिस छान'. सगळे रिव्ह्यू एकाच जागेवरून, एकाच भाषेत. एका सोमवारी सकाळी बघतो तर आकडा निम्म्यावर. आणि जे गेले त्यांत माझ्या रोजच्या मेंबरांनी मनापासून लिहिलेलेही गेले. ते परत लिहायला सांगायची लाज वाटते.

कागद काढला. सोलकढी आता सगळ्यांनाच देतो, न विचारता.

सुईदोरा

बाप रे. भाचा नेमकं हेच म्हणत होता, 'मावशी, दुकानात आल्या की फोन घे, मी लिहितो.' त्याला धागा दाखवते.

मग आता असं लिहिलंय, बघा:

> ताई, तुमचं ब्लाउज मनासारखं झालं का? आवडलं असेल तर कृपया गूगलवर दोन शब्द लिहा. काही खटकलं असेल तर आम्हाला सांगा. आपली आभारी आहे. 🙏

पेठेतला_जुना

उत्तम! सभ्य, नेमकं आणि मराठी दुकानदाराला शोभेल असं. आमच्या लहानपणी प्रत्येक हॉटेलात पाटी असायची, 'आवडले तर इतरांना सांगा, न आवडल्यास आम्हाला सांगा.' तेच झालं. आणखी काही बदलू नका.

नाक्यावरचा

दुर्दैवाने नेमकी तीच पाटी गोची करते.

गूगल म्हणतं, वाईट रिव्ह्यू अडवू नका आणि चांगले तेवढेच निवडून मागू नका. 'आवडलं तर तिकडे, खटकलं तर इकडे' यात वरवर नम्रपणा आहे, पण प्रत्यक्षात ती चाळणी झाली. याचंच मोठं रूप बाजारात मिळतं. आधी एक फॉर्म येतो, 'अनुभव कसा होता?' हसरा चेहरा दाबला की गूगलचं पान उघडतं, रडका दाबला की तक्रारीची पेटी. तसला फॉर्म कुणी विकायला आला तर घेऊ नका.

म्हणून 'आवडलं असेल तर' म्हणताना जे खूश गिऱ्हाईक गृहीत धरलंय तिथेच जरा थांबा. ज्यांना ज्यांना माल दिला त्या सगळ्यांना एकच मजकूर पाठवा. जिच्याशी गळ्यावरून वाद झाला तिलाही. तुमचं काम चांगलं आहे तर सगळ्यांना विचारूनही बहुतेक खूशच निघतील.

पेठेतला_जुना

म्हणजे गिऱ्हाइकाला 'तक्रार असेल तर मला सांगा' म्हणणंही गुन्हा? मग दुकानदारीच बंद करा. तक्रार आधी दुकानदाराला सांगायची, चव्हाट्यावर नाही, ही साधी रीत आहे. यंत्राच्या नियमासाठी माणसाने रीत का सोडावी?

नाक्यावरचा

'तक्रार असेल तर सांगा' म्हणा की. तीन वेळा म्हणा. फक्त तक्रार असणारीला गूगलची लिंक मिळू नये अशी वाक्यरचना नको. दोन्ही वाक्यं स्वतंत्र ठेवा. 'खुल्या मनाने लिहा' हे एक, आणि 'मापात काही कमी-जास्त असेल तर ब्लाउज घेऊन या, करून देते' हे दुसरं. मधला 'तर' काढायचा.

पेठेतला_जुना

मला हा शब्दच्छल वाटतो. असो.

कापडकोपरा

मी ठाण्याला ड्रेस शिवते. ताई, एक शिवणकामातली गोष्ट सांगू? ब्लाउज हातात देताना रिव्ह्यू मागू नकोस. ट्रायलला सगळंच बरं दिसतं. मुंढा ओढतो का, हात वर केला की पाठ वर येते का, हुकपट्टी ताणते का, हे बाई दिवसभर नेसून वावरल्याशिवाय कळत नाही. मी कार्यक्रमाची तारीख वहीत मापाशेजारीच लिहून ठेवते आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मेसेज करते. तोवर लग्नाचे फोटोही आलेले असतात, त्या स्वतःच पाठवतात. माझ्याकडे कारखान्यासारखे मेसेज जात नाहीत, रोजचे दोन-तीन.

नाक्यावरचा

हे फार चांगलं. एकाच दिवशी शंभर जणींना पाठवून एकदम वीस रिव्ह्यू येण्यापेक्षा असे टिपक्याटिपक्याने येऊ द्यात. आणि ब्रॉडकास्ट लिस्टचं लक्षात ठेवा, एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. गिऱ्हाईक बहुधा सेव्ह करत नाही. म्हणून एकेकीला नावाने पाठवलेलंच बरं.

आता कुठे काय दाबायचं ते. आधी तुमच्या बाजूचं. दुकानाचं पान ज्या जीमेलवर आहे ते फोनवर चालू ठेवून गूगलमध्ये दुकानाचं नाव शोधा. वर तुम्हाला मालकाची बटणं दिसतील, त्यात `Ask for reviews` असेल. ते दाबलं की एक लिंक मिळते, `g.page/r/` ने सुरू होणारी आणि `/review` ने संपणारी. तीच कॉपी करा. क्यूआर कोडही तिथेच मिळतो, तो छापून काउंटरवर ठेवता येईल. पान उघडून वरच्या पट्टीतला भलामोठा पत्ता कॉपी करू नका, तो कधी नकाशावर नेतो, कधी शोधाच्या पानावर, आणि बाई तिथे हरवते.

गिऱ्हाइकाच्या बाजूने मग एवढंच उरतं: लिंक दाबायची, स्टार निवडायचे, खाली लिहायचं, `Post` दाबायचं. फोनवर जीमेल चालू असणं मात्र आवश्यक.

सुईदोरा

हे मी इन्स्टाग्रामवरही टाकू ना? भाच्याने तिथेही दुकानाचं खातं काढलंय.

नाक्यावरचा

टाका, पण तिथे कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही, नुसती अक्षरं दिसतात. लिंक प्रोफाइलमध्ये ठेवून कॅप्शनमध्ये तसं लिहावं लागतं, किंवा स्टोरीत लिंकचं स्टिकर लावायचं. आणखी एक गंमत, इन्स्टामधून लिंक उघडली की ती बऱ्याचदा इन्स्टाच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथे जीमेल चालू नसतं. मग पासवर्ड मागतात. पासवर्ड कुणाला आठवतो? तिथेच प्रकरण संपतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली लिंक बहुधा फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये किंवा मॅप्समध्ये उघडते. तुमच्या वयोगटाला तेच सोयीचं.

रानफूल

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलते. माझ्या शिंपीणताईंनी मागितला होता, मी दिला नाही, कारण तेव्हा तिथे माझं पूर्ण नाव आणि डीपी दिसायचा. 'अमुकतमुक यांचं ब्लाउज सैल झालं' हे सगळ्या गावाला कशाला? कॅप्शनमध्ये हे आधीच सांगितलं तर मी त्यांचा मान राखीन. 'नाव दिसू शकतं, चालत नसेल तर राहू द्या' असं.

सुईदोरा

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच, काही जणींच्या सासरी ते चालणारही नाही.

डॅलसकर

आणि काय लिहायचं तेही सुचवा. 'कटोरी ब्लाउज कराड' असे शब्द रिव्ह्यूत आले की शोधात वर येतं म्हणतात. एक तयार वाक्यच द्या, कॉपी-पेस्ट करतील.

नाक्यावरचा

तयार वाक्य अजिबात नको. खानावळवाल्यांचं 'जेवण छान सर्व्हिस छान' विसरलात? सगळ्यांचं एकच वाक्य म्हणजे ते तुमचं वाक्य झालं, त्यांचं नाही. 'काय शिवलं, कसं बसलं' एवढा प्रश्न विचारा, म्हणजे ज्यांना 'काय लिहू?' सुचत नाही त्यांना धरायला काहीतरी मिळतं.

कापडकोपरा

प्रश्नसुद्धा विचारावा का याबद्दल मला शंका आहे. मी नुसतं 'तुमच्या शब्दांत लिहा' म्हणते. मग मात्र निम्म्या जणी स्टार देऊन गप्प बसतात, हेही खरं.

नाक्यावरचा

यावर माझ्याही ओळखीतल्या दोघांची दोन मतं आहेत. मी प्रश्न ठेवतो, पण उत्तर सुचवत नाही.

सुईदोरा

सगळ्यांचं ऐकून रात्री बसून हे लिहिलं. लिंक खाली वेगळ्या ओळीवर येईल:

> नमस्कार सुनंदाताई, (हे नाव उदाहरणाला)
> परवाच्या कार्यक्रमाला ब्लाउज घातलंत ना? कसं बसलं, ते तुमच्या शब्दांत गूगलवर लिहाल का? नवीन येणाऱ्यांना त्यावरून माझं काम कळेल. चांगलं-वाईट जे वाटलं ते लिहा.
>
> खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेवा. स्टार दिसतील, हवे तेवढे निवडा. खाली मराठीत दोन ओळी लिहा आणि Post दाबा. एवढंच.
>
> तिथे तुमचं नाव दिसू शकतं. ते नको असेल तर राहू द्या, माझी काही हरकत नाही.
>
> मापात काही कमी-जास्त असेल तर ब्लाउज कधीही आणा, करून देते.

यात 'कृपया' नाही, चालेल ना? ते लिहिलं की बिलासारखं वाटतं.

नाक्यावरचा

चालेल नाही, छान आहे. 'हवे तेवढे निवडा' हे विशेष. एकच सुचवतो, पाठवण्याआधी घरातल्या ज्या माणसाला फोनमधलं काही कळत नाही त्याला ही लिंक उघडायला द्या आणि तुम्ही गप्प बसून बघा. रिव्ह्यू मात्र टाकू देऊ नका!

पेठेतला_जुना

शेवटची ओळ ठेवलीत हे बरं केलंत. माझी पाटी थोडी तरी वाचली.

सुईदोरा

तीन आठवड्यांनी परत आले. सांगायचं राहिलं होतं.

आधी सासूबाईंना लिंक उघडायला दिली. त्यांनी 'निळी ओळ' शोधलीच नाही, त्यांच्या फोनमध्ये ती हिरवट दिसते. आता 'खालच्या ओळीवर' एवढंच ठेवलंय.

मग ३४ जणींना पाठवला, रोज दोन-तीन असा. वादवाल्या बाईंनाही, छातीत धडधड होत असताना. नऊ रिव्ह्यू आले. सहा जणींनी मलाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'ताई मस्त बसलं 👌', त्यांना वाटलं तोच रिव्ह्यू. त्यांना एकदाच सांगितलं की हे गूगलवर टाकाल का, परत मागे लागले नाही. तिघींना पासवर्ड मागितला, त्या सोडून दिल्या. एकीने चक्क पलीकडच्या गल्लीतल्या माझ्याच नावाच्या ब्यूटी पार्लरला पाच स्टार देऊन 'ब्लाउज छान शिवतात' लिहिलं! तिने लिंक न दाबता नाव शोधलं होतं. पार्लरवाली फोन करून हसत होती.

नऊपैकी एक तीन स्टारचा आहे. 'शिलाई उत्तम पण दोन दिवस उशिरा मिळालं.' खरं आहे, अस्तर संपलं होतं. वादवाल्या बाईंनी मात्र काहीच लिहिलं नाही.

त्या तीन स्टारला उत्तर द्यायचं का?

कापडकोपरा

द्या की. दोन ओळीत. अस्तर संपलं होतं हे कारण सांगू नकोस गं, ते तुझं दुखणं. उशीर झाला, चूक माझी, एवढंच.

नाक्यावरचा

आणि उत्तरात 'पुढच्या वेळी सूट देते, स्टार वाढवा' असं काही नको! रिव्ह्यू बदलण्यासाठी काही देऊ करणंही त्याच नियमात येतं.

सुईदोरा

नाही हो. लिहिलं, 'हो, दोन दिवस उशीर झाला, तुमची धावपळ झाली, माफ करा. आता अस्तर आधी बघूनच तारीख देते.' कापडकोपरा, अस्तर आलंच शेवटी, राहवलं नाही.

भिंगरी

तो तीन स्टारवाला काढता येईल का बघा, तीन टिंबं असतात शेजारी.